छोट्या धंद्याचे व्हिजिटिंग कार्ड : तीन नमुन्यांची पारख

(उद्योग-मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आकाराने फार लहान आहे. ९० मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर उंच एवढ्या कार्डाच्या तुकड्याविषयी मी बोलणार आहे. आपल्याकडील छापखान्यांत व्हिजिटिंग कार्डाचे माप साधारण एवढेच असते. कोणी ते साडेतीन इंच बाय दोन इंच धरतात, फरक थोडा आहे. आपल्या वस्त्यांतील मुले आयटीआय करून बाहेर पडतात, चार वर्षे दुसऱ्याकडे काम करतात आणि मग स्वतःचे शटर उघडतात. शटर उघडल्यावर पहिल्या महिन्यात जो खर्च होतो, त्यात एक हजार कार्डे असतात. डीटीपीवाला संगणकावर तीन नमुने दाखवतो आणि विचारतो, "कोणते घेऊ?" उत्तर बहुधा एकच असते, "ते दुसरे छान दिसते." ही निवड कशी करावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपण एक दुकान डोळ्यांसमोर धरू. वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून रांजणगाव शेणपुंजी आहे. तेथे दोघा भावांनी मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले आहे, असे समजा. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी भरायची, बेअरिंग बदलायचे, पाण्यातला सबमर्सिबल पंप दुरुस्त करायचा, हे त्यांचे काम. गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक, वाळूजच्या लहानमोठ्या कारखान्यांतील मेंटेनन्सचा माणूस. दुसरा, गंगापूरकडचा शेतकरी, ज्याच्या विहिरीवरची मोटार बसली आहे.

आता हे कार्ड केव्हा लागते, याचा विचार करा. आपण ते देतो तेव्हा लागत नाही, कारण त्या वेळी आपण स्वतःच समोर उभे असतो. ते लागते सहा महिन्यांनी. शेतकऱ्याचा हरभरा पाण्यावर आला आहे आणि मोटार जळाली आहे. कारखान्यात रात्रपाळीला मशीन बंद पडले आहे. तो माणूस पाकिटातून, टेबलाच्या खणातून किंवा स्टार्टरच्या पेटीच्या फटीतून चारपाच कार्डे काढतो. उजेड कमी असतो, हाताला ग्रीस असते, चष्मा घरी असतो. त्या घडीला ज्या कार्डावर काम आणि नंबर चटकन सापडतो, त्या दुकानाचा फोन वाजतो. कार्डाची सारी पारख त्या घडीला धरून करायची. देणाऱ्याला काय सांगावेसे वाटते याला दुसरे स्थान. ठेवणाऱ्याला पुढे काय शोधावे लागेल याला पहिले.

आता तीन नमुने पाहू.

पहिला नमुना. वर डाव्या कोपऱ्यात मोठे बोधचिन्ह. शेजारी दुकानाचे नाव सजावटीच्या जाड अक्षरांत. खाली एका भावाचे नाव आणि प्रोप्रायटर हा शब्द. मग "आमच्याकडे सर्व प्रकारच्या" अशी सुरुवात करून कामांची तीन ओळींची यादी. तळाशी एकाच ओळीत कोंबलेला पत्ता, दोन मोबाइल नंबर, ई-मेल. मागे निळसर रंग, वरून खाली फिका होत जाणारा. दोन्ही बाजूंना चकचकीत ग्लॉसी लॅमिनेशन.

दुसरा नमुना. पूर्ण काळे कार्ड, मखमलीसारखे मॅट लॅमिनेशन, मधोमध दुकानाचे नाव सोनेरी फॉइलमध्ये. बाकी सर्व मजकूर मागच्या बाजूला, काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत. हाच तो "छान दिसणारा" नमुना.

तिसरा नमुना. पांढरे जाड कार्ड. सर्वांत वर काम : मोटार रिवाइंडिंग व पंप दुरुस्ती. त्याखाली दुकानाचे नाव. मग मोबाइल नंबर. तळाशी तीन ओळींत पत्ता. सारा मजकूर काळा, फक्त कामाची ओळ लाल. मागची बाजू जवळजवळ कोरी. दिसायला साधे, दोघा भावांना कदाचित थोडे गरीबही वाटेल.

पहिली कसोटी माहितीच्या क्रमाची. ती घरच्या घरी लावता येते. दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात कार्ड द्या, मनात पाच अंक मोजा आणि कार्ड परत घ्या. मग तीन प्रश्न विचारा. हे काम कशाचे? फोन कोठे लिहिला होता? दुकान कोणत्या भागात? पहिल्या नमुन्यात माणसाला बोधचिन्ह आणि दुकानाचे नाव आठवेल. आपल्याकडे दुकानाचे नाव बहुतेक वेळा घरातील वडीलधाऱ्यांच्या नावावरून किंवा एखाद्या आदर्शावरून ठेवलेले असते. ते प्रेमाने ठेवलेले असते आणि ते कार्डावर असलेच पाहिजे. पण त्यावरून काम कळत नाही. सहा महिन्यांनी शेतकऱ्याच्या डोक्यात "मोटारवाला" एवढेच उरलेले असते. म्हणून या धंद्यात काम वर, नाव त्याखाली, हा क्रम योग्य. दुसऱ्या नमुन्यात तर पुढच्या बाजूला फक्त नाव आहे. कार्ड उलटे केल्याशिवाय तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

हा क्रम सर्व धंद्यांना लागू नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. वकिलाच्या किंवा विमा प्रतिनिधीच्या कार्डात व्यक्तीचे नाव वर पाहिजे, कारण तेथे गिऱ्हाईक माणसाला ओळखून येते. ब्युटी पार्लरला चालत येणारे गिऱ्हाईक असते; तेथे जागेची खूण वर सरकते. प्रश्न मात्र एकच : गरज पडेल त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या डोक्यात कोणता शब्द असेल? तो शब्द कार्डावर सर्वांत वर.

क्रम लावायचा म्हणजे काही गोष्टी खाली ढकलाव्या लागतात आणि काही काढाव्या लागतात. कामांची तीन ओळींची यादी एका ओळीवर आणावी. पंखा, मिक्सर, कूलर असे सारे लिहिले की वाचणाऱ्याला मुख्य काम कळेनासे होते. दोन नंबर द्यायचेच असतील तर कोणता कशाचा हे लिहावे, नाहीतर माणूस पहिला लावतो, तो उचलला गेला नाही की कार्ड ठेवून देतो. शक्यतो एकच नंबर द्यावा, दुकानात दिवसभर उचलला जाणारा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो; शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. कारखान्याच्या खरेदी विभागाला तो लागतो, पण तो मागच्या बाजूला तळाशी गेला तरी चालतो, कारण तेथला कारकून तो शोधून पाहतोच.

पत्त्याविषयी आपल्या भागात दोन विशेष अडचणी आहेत. पहिली नावांची. रांजणगाव म्हटले की पुण्याकडच्या माणसाला गणपतीचे रांजणगाव आठवते आणि तेथेही औद्योगिक वसाहत आहे. आपल्या वाळूजजवळच पंढरपूर आहे, आणि नुसते पंढरपूर लिहिले तर बाहेरचा माणूस सोलापूर जिल्ह्यात पोहोचेल. म्हणून "रांजणगाव शेणपुंजी, वाळूज" असे पूर्ण लिहावे आणि त्याआधी जवळची ठळक खूण द्यावी. गट नंबर पोस्टासाठी ठीक आहे. रस्त्यावर उभा असलेला टेम्पोवाला गट नंबर विचारत नाही.

दुसरी अडचण शहराच्या नावाच्या लांबीची. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले. इंग्रजी लिपीत मोजले तर औरंगाबादला १० अक्षरे लागत. नव्या नावाला मधली मोकळी जागा धरून २५ लागतात. ९ पॉइंटच्या साध्या इंग्रजी अक्षरांत पहिल्याला सुमारे १६ मिलिमीटर जागा पुरे, दुसऱ्याला सुमारे ४० मिलिमीटर. कार्डाची वापरता येणारी रुंदी ८२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी ओळ शहराच्या नावाने घेतली. बरेच डीटीपीवाले जुन्या कार्डाची फाइल उघडतात, जुन्या नावाच्या जागी नवे टाकतात आणि ओळ बाहेर जाऊ लागली की सगळा पत्ता बारीक करतात. अक्षर बारीक करू नये. शहर आणि पिन कोड यांना स्वतंत्र ओळ द्यावी. परगावच्या गिऱ्हाइकांशी व्यवहार असेल आणि त्यांच्या ओळखीसाठी जुने नाव कंसात द्यायचे असेल, तरी ते याच ओळीत मावते.

येथून आपण दुसऱ्या कसोटीकडे, अक्षरांच्या आकाराकडे येतो.

कार्डावरची अक्षरे इतकी बारीक का होतात? त्याचे कारण संगणकाच्या पडद्यात आहे. डीटीपीवाला नमुना दाखवतो तेव्हा कार्ड पडद्यावर ३० सेंटिमीटर रुंद दिसते. खरे कार्ड ९ सेंटिमीटर. म्हणजे आपण सव्वातीन पटींहून मोठे कार्ड पाहत असतो. ६ पॉइंटचे अक्षर तेथे २० पॉइंटसारखे ठसठशीत दिसते आणि आपण मान डोलावतो. मोबाइलवर नमुना पाठवला तर आपण दोन बोटांनी ताणून मोठा करतो, परिणाम तोच. कार्ड छापून आले की मग डोळे बारीक करावे लागतात.

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. ७ पॉइंट म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. पण या अडीच मिलिमीटरमध्ये देवनागरीला वरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार हे सारे बसवायचे असते. म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या मूळ अक्षराला त्यातली निम्म्याच्या आसपासच जागा उरते, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटर. अनुस्वाराचा ठिपका तर टाचणीच्या टोकाएवढा होतो. इंग्रजीत ७ पॉइंट कसेबसे वाचता येते. मराठीत तेवढ्याच सोयीने वाचायला दीड-दोन पॉइंट जास्त द्यावे लागतात. शिवाय एका फाँटचे ९ पॉइंट आणि दुसऱ्या फाँटचे ९ पॉइंट यांत अक्षराची उंची सारखी नसते. म्हणून पॉइंटवर वाद घालू नये. छापील नमुन्यावर पट्टी ठेवून मूळ अक्षर मोजावे. माझा आडाखा असा की पत्त्याचे अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत पावणेदोन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे बारीक दिसेनासे होते आणि कारखान्यात मोटार कोणाकडे द्यायची हे बहुधा तोच ठरवतो.

"मोठी अक्षरे मावणार कशी?" असा प्रश्न नेहमी येतो. तिसऱ्या नमुन्याचा हिशेब करून पाहू. कापताना कार्ड मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकते, म्हणून चारही बाजूंनी ४ मिलिमीटर सोडू. ५४ पैकी ४६ मिलिमीटर उंची उरली. कामाची ओळ १४ पॉइंट. वरखालच्या मात्रांसाठी ओळींतील अंतर धरून तिला ७ मिलिमीटर. दुकानाचे नाव १२ पॉइंट, ६ मिलिमीटर. मोबाइल नंबर १६ पॉइंट. अंकांना मात्रा नसतात, म्हणून त्यालाही ७ मिलिमीटर पुरतात. पत्त्याच्या तीन ओळी ९ पॉइंटच्या, मिळून साडेतेरा मिलिमीटर. बेरीज साडेतेहतीस. म्हणजे साडेबारा मिलिमीटर मोकळे राहिले. ते काम, नंबर आणि पत्ता यांच्यामध्ये वाटावे. ही मोकळी जागा वाया जात नाही. तिच्यामुळेच नजर नंबरावर थांबते. हाच हिशेब पहिल्या नमुन्याला लावला तर बोधचिन्हाने १५ मिलिमीटर घेतलेले असतात आणि उरलेल्या जागेत सात-आठ ओळी असतात. तेथे अक्षर बारीक होणारच. दोष फाँटचा नसतो, न काढलेल्या मजकुराचा असतो.

नंबराचे दहा अंक सलग लिहू नयेत. पाच-पाचचे दोन गट करावेत. म्हणजे डोळा कार्डावरून मोबाइलवर जाऊन परत येताना जागा चुकत नाही. हे अंक इंग्रजी घालावेत असे मी सुचवतो. मराठीचा अभिमान मलाही आहे आणि बाकी मजकूर मराठीत असावा हेच योग्य. पण मोबाइलवर दाबायचे अंक बहुधा इंग्रजी असतात, वाळूजमध्ये परप्रांतांतून आलेले कामगार पुष्कळ आहेत, आणि बारीक छपाईत आपला ५ आणि ६, तसेच १ आणि ९ यांत घोटाळा होतो. एक अंक चुकला की गिऱ्हाईक गेले.

आता तिसरी कसोटी, फिनिशची. सर्वांत जास्त पैसे येथे जातात, म्हणून ती शेवटी. फिनिश क्रम आणि आकार यांना साथ देते की त्यांवर पाणी फिरवते, एवढेच पाहायचे.

ग्लॉसी लॅमिनेशन म्हणजे छापलेल्या कार्डावर चिकटवलेला पातळ चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याचे दोन गुण आहेत : रंग खुलतो आणि तेलकट बोट पुसता येते. पण ट्यूबलाइटखाली कार्ड धरले की पांढरी तिरीप पडते आणि तिच्याखालची अक्षरे दिसत नाहीत. हल्ली माणसे कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्याला पाठवतात. त्या फोटोतही ती तिरीप येते, आणि ती नेमकी नंबरावर आली तर फोटो निरुपयोगी. दुसरा दोष असा की त्यावर पेन चालत नाही. बॉलपेन घसरते, जेलपेनची शाई बोटाला लागते.

मॅट लॅमिनेशनला तिरीप नाही, हाताला छान लागते. पण त्यावरही पेन धड चालत नाही, आणि गडद काळ्या मॅटवर बोटांचे तेलकट ठसे व नखांचे ओरखडे लगेच उठून दिसतात. रिवाइंडिंगच्या दुकानात असे कार्ड चार दिवसांत मळकट होईल. दुसऱ्या नमुन्यातील फॉइलचेही पाहा. सोनेरी फॉइल मोठ्या ठळक अक्षरांना शोभते. बारीक अक्षरात, विशेषतः ख, क्ष, द्ध, ष्ट अशा गाठींच्या अक्षरांत, आतली पोकळी भरून जाते आणि अक्षराचा गोळा होतो. फोटोत फॉइल उजेडाप्रमाणे कधी पांढरे तर कधी काळे येते. काळ्या कार्डावर काळे आले की नावच नाहीसे. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे ठेवली की आणखी एक गोष्ट घडते. तो गडद काळा बहुधा चार शाया एकावर एक छापून केलेला असतो. कागद केसभर सरकला तरी आजूबाजूची शाई पांढऱ्या अक्षरात शिरते. जाड अक्षर ते सहन करते, बारीक रेषा बुजते. म्हणून गडद पार्श्वभूमी हवीच असेल तर अक्षर जाड घ्यावे आणि मोठे घ्यावे. पांढऱ्यावर काळे छापतानाही मजकूर फक्त काळ्या एका शाईत ठेवायला सांगावे. चार रंगांतून केलेल्या काळ्या अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते.

तिसऱ्या नमुन्याचे कार्ड कोरे आहे, त्यावर पापुद्रा नाही. पेन उत्तम चालते. आणि या धंद्यात पेन चालणे फार महत्त्वाचे आहे. मोटार ठेवून घेतली की दुकानदार कार्डाच्या मागे लिहून देतो : पाच हॉर्सपॉवर, शुक्रवारी संध्याकाळी, इतके रुपये ॲडव्हान्स. कार्ड हीच पावती होते, म्हणून गिऱ्हाईक ते जपून ठेवते. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक असलेले कार्ड या कामाचे नाही. पण कोऱ्या कार्डाचा दोष उघड आहे. ग्रीसचा डाग लागला की तो आत मुरतो, पुसता येत नाही.

मधला मार्ग आहे. पुढची बाजू गुळगुळीत आणि मागची बाजू साध्या कागदासारखी, असे जाड बोर्ड मिळते. पुढे मॅट लॅमिनेशन करावे, मागची बाजू तशीच ठेवावी. पुढून डाग पुसता येतो, मागे पेन चालते. याची एक मर्यादा आधीच सांगतो. एकाच बाजूला प्लॅस्टिक असले की पावसाळ्यात मागची उघडी बाजू हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते, पुढची फुगत नाही, आणि कार्ड पुढच्या बाजूकडे वळते. पातळ कार्ड जास्त वळते. म्हणून ३०० जीएसएमपेक्षा खाली जाऊ नये, ३५० मिळाले तर बरे, आणि हजाराचा गठ्ठा डब्यात दाबून ठेवावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. छापखान्याला "एका बाजूलाच लॅमिनेशन" असे लिहून द्यावे. स्वस्तात हजार कार्डे मिळतात तेव्हा अनेक गिऱ्हाइकांची कार्डे एकाच मोठ्या शीटवर मिळून छापलेली असतात, त्या शीटला सरसकट दोन्हीकडून पापुद्रा चढतो. आपल्याला वेगळे हवे असेल तर ते आधी ठरले पाहिजे. याच कारणाने अशा छपाईत रंग थोडा इकडेतिकडे होतो. कामाच्या ओळीचा लाल रंग कधी विटकरी, कधी नारिंगी येईल. ज्या कार्डाचा जीव काळ्या अक्षरांत आहे, त्याचे त्याने बिघडत नाही.

मग निर्णय काय? दोघा भावांनी तिसरा नमुना घ्यावा आणि त्यात दोन बदल करावेत. पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, मोटार व रक्कम यांसाठी तीन फिक्या रेषा. जीएसटी क्रमांक त्याखाली. पहिल्या नमुन्यातील बोधचिन्ह आवडले असेल तर ते ८ मिलिमीटरचे करून कोपऱ्यात बसवावे. दुसऱ्या नमुन्यातले मात्र काही घेण्यासारखे नाही. सोन्याचांदीच्या पेढीला ते कार्ड शोभेल, कारण तेथे गिऱ्हाइकाचे हात स्वच्छ असतात आणि दुकानाचे नाव हीच त्याची आठवण असते.

ऑर्डर देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात, त्याला अर्धा तास पुरतो. पहिली, नमुना साध्या कागदावर खऱ्या मापात छापून घ्यावा आणि कापावा. छापताना पानाला बसवण्याची सोय चालू राहिली तर माप बदलते, म्हणून कापलेले कार्ड पट्टीने मोजून ९० मिलिमीटर आहे याची खात्री करावी. ते संध्याकाळी, दुकानातल्याच उजेडात, हात लांब करून वाचावे. वयस्क माणसाला चष्म्याशिवाय नंबर वाचायला सांगावा आणि त्याच नंबरवर फोन लावून पाहावा. दुसरी, मराठी मजकूर अक्षर न् अक्षर वाचावा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की रफार उडतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटते. म्हणून मजकूर पक्का झाल्यावर अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून, म्हणजे कोरल ड्रॉवाले ज्याला कन्व्हर्ट टू कर्व्हज म्हणतात ते करूनच फाइल छापखान्यात द्यावी. त्यानंतर मजकूर सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइलही मागून आपल्याजवळ ठेवावी. पुढे नंबर बदलला तर तीच उपयोगी पडते. तिसरी, ज्या कागदावर आणि ज्या फिनिशमध्ये छापायचे आहे, त्याचे दुसऱ्या कोणाचे तरी जुने कार्ड छापखान्यातून मागून घ्यावे. त्यावर बॉलपेनने लिहावे, तेलाचे बोट लावून पुसावे आणि ट्यूबलाइटखाली फोटो काढून पाहावा. कॅटलॉगमधल्या शब्दांपेक्षा हे कार्ड जास्त सांगते.

शेवटी एक मर्यादा. कार्ड नवे गिऱ्हाईक आणत नाही. एकदा भेटलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा वाट दाखवणे एवढेच त्याचे काम. म्हणून पहिल्या खेपेला पाचशे घ्यावीत, हजार स्वस्त पडत असली तरी. वर्षभरात जागा बदलते, कामाचे स्वरूप बदलते, आणि मग उरलेल्या कार्डांवर पेनने खाडाखोड करून ती वाटावी लागतात. खाडाखोड केलेला नंबर पाहून कारखान्याचा माणूस दुकान अजून चालू आहे की नाही, या शंकेत पडतो आणि दुसरे कार्ड उचलतो.

बाहेर टेबलावर तिन्ही नमुने खऱ्या मापात कापून ठेवले आहेत; पट्टी आणि बॉलपेनही आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून, लिहून पाहावे.